कृष्णधवल प्रतीत टिकणारा तक्ता: एका गावाच्या पाणी तपासणी अहवालाचे प्रकरण

एका ग्रामपंचायतीने गावातील विहिरी, कूपनलिका आणि हातपंप यांच्या पाण्याचे नमुने प्रयोगशाळेतून तपासून घेतले आणि त्यांचे निष्कर्ष एक्सेलमध्ये एकत्र करून एक तक्ता तयार केला. प्रत्येक ओळीत एक जलस्रोत आणि प्रत्येक रकान्यात एक घटक, म्हणजे नायट्रेट, फ्लोराईड, कठीणपणा, एकूण विरघळलेले क्षार, अशी त्याची साधी मांडणी होती. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानक आयएस १०५०० मध्ये अनेक घटकांसाठी दोन मर्यादा दिलेल्या आहेत. एक स्वीकार्य मर्यादा आणि दुसरी, दुसरा पर्यायी स्रोत उपलब्ध नसेल तर चालवून घेण्याची अनुज्ञेय मर्यादा. त्यामुळे तक्ता करणाऱ्याने स्वाभाविकपणे तीन रंग निवडले: स्वीकार्य मर्यादेच्या आत असलेला आकडा हिरवा, दोन मर्यादांच्या मधला पिवळा आणि अनुज्ञेय मर्यादा ओलांडणारा लाल. संगणकाच्या पडद्यावर हा तक्ता उत्तम दिसत होता आणि कोणते पाणी टाळावे हे त्यात एका नजरेत कळत होते.

हा तक्ता लोकांपर्यंत पोहोचला तो मात्र कागदावरून. कार्यालयातील प्रिंटर कृष्णधवल लेझर होता. त्यावर निघालेली प्रत बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानात गेली आणि तिथल्या प्रती सूचनाफलक, अंगणवाडी आणि रेशन दुकान येथे लागल्या. लोक ज्या प्रती वाचत होते त्यांत सगळे सेल सारख्याच फिकट राखाडी रंगाचे होते, तर एका प्रतीत कोणतीच छटा उरलेली नव्हती. खाली दिलेली सूची मात्र तशीच होती: ‘लाल: पिण्यास अयोग्य’. लाल कुठे आहे हे त्या कागदावर शोधणे कोणालाही शक्य नव्हते.

यात नुकसान काय, हे नायट्रेटच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे आणि तिच्यात कोणतीही सूट नाही. जास्त नायट्रेट असलेले पाणी तान्ह्या बाळाच्या दुधात वापरले तर बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता कमी होऊ शकते. शिवाय पाणी उकळल्याने नायट्रेट निघून जात नाही, उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण वाढते. म्हणजे ‘उकळून पितो, काही होत नाही’ या भरवशावर राहणाऱ्या घराला तक्त्यातला तो एक आकडा वेगळा दिसणे अत्यंत आवश्यक होते.

रंग कागदावर का हरवले

तक्ता करणाऱ्याने रंग हाताने भरलेले नव्हते. त्याने एक्सेलमधील सशर्त रंगभरणीचे तयार पर्याय वापरले होते: `Light Red Fill with Dark Red Text`, `Yellow Fill with Dark Yellow Text` आणि `Green Fill with Dark Green Text`. देशभरातल्या कार्यालयांत हेच तीन पर्याय सर्रास वापरले जातात, म्हणून त्यांचे गणित नीट पाहण्यासारखे आहे.

रंगाचे राखाडीत रूपांतर करण्याचे एक प्रचलित सूत्र असे आहे:

```
gray = 0.299*R + 0.587*G + 0.114*B
```

डोळ्याला हिरवा रंग सर्वांत उजळ वाटतो आणि निळा सर्वांत कमी, म्हणून सूत्रात हिरव्याला सर्वाधिक वजन आहे. आता तीन पार्श्वभूमी घेऊ. फिकट लाल `#FFC7CE` या सूत्रातून २१७ होतो, फिकट हिरवा `#C6EFCE` हा २२३ होतो आणि फिकट पिवळा `#FFEB9C` हा २३२ होतो. इथे ० म्हणजे पूर्ण काळा आणि २५५ म्हणजे कोरा कागद. शाईच्या भाषेत सांगायचे तर लाल सेल सुमारे १५ टक्के काळा, हिरवा साधारण १२.५ टक्के आणि पिवळा ९ टक्के. ज्या दोन रंगांचा अर्थ परस्परविरुद्ध आहे त्यांच्यात कागदावर जेमतेम अडीच टक्क्यांचा फरक उरतो. शेजारी शेजारी ठेवले तरी तो सहज ओळखू येत नाही, आणि दोन सेलांच्या मध्ये चार रकाने असतील तर मुळीच नाही. याहून लक्षात घेण्यासारखी गोष्ट क्रमाची आहे. राखाडीत ‘ठीक’ असलेला हिरवा हा ‘सावध’ असलेल्या पिवळ्यापेक्षा अधिक गडद उमटतो. त्यामुळे जो वाचक छटांवरून अंदाज बांधेल तो नेमका उलट अंदाज बांधेल.

अक्षरांचीही तीच गत आहे. लाल सेलमधील अक्षरांचा गडद लाल `#9C0006` राखाडीत ४७ होतो आणि हिरव्या सेलमधील गडद हिरवा `#006100` हा ५७. दोन्ही जवळजवळ काळे. पार्श्वभूमी हरवली तरी अक्षरांच्या रंगावरून कळेल, ही आशाही इथे संपते.

मग एका प्रतीत छटाच का नव्हत्या? त्या प्रतीच्या फाईलमध्ये, बहुधा टोनर वाचवण्यासाठी, कोणीतरी `Page Layout > Page Setup > Sheet` येथील `Black and white` या चौकोनात खूण केली होती. ही खूण असली की एक्सेल रंगीत अक्षरे आणि रेघा काळ्या छापते व सेलची पार्श्वभूमी पांढरी सोडते. ही खूण त्या शीटच्या मांडणीबरोबर साठवली जाते, त्यामुळे फाईलच्या दोन प्रतींपैकी एकीत ती असली आणि दुसरीत नसली, तर एकाच प्रिंटरवर दोन वेगळे कागद निघतात. हाच पर्याय पुढे उपयोगी पडला, त्याविषयी खाली येईलच.

लेझर प्रिंटरकडे राखाडी रंग नसतो

यापुढचे सगळे निर्णय एका गोष्टीवर उभे आहेत. कृष्णधवल लेझर प्रिंटर फक्त काळा ठिपका उमटवू शकतो. राखाडी दाखवायचे असेल तर तो काळ्या ठिपक्यांची जाळी टाकतो आणि ठिपक्यांचा आकार कमीजास्त करून फिकट वा गडद असा भास निर्माण करतो. ६०० डीपीआयच्या, म्हणजे इंचाला ६०० ठिपके उमटवणाऱ्या प्रिंटरवर ही जाळी साधारणपणे इंचाला शंभराच्या आसपास रेघांची असते, म्हणजे जाळीचे एक घर सहा बारीक ठिपके रुंद होते.

आता मूळ तक्त्यातील रेघा पाहा. त्या फिकट राखाडी होत्या, कारण पडद्यावर राखाडी रेघा सौम्य आणि नीटनेटक्या दिसतात. अर्धा पॉइंट जाडीची रेघ ६०० डीपीआयवर जेमतेम चार ठिपके रुंद असते. जाळीचे घर सहा ठिपक्यांचे आणि रेघ चारची, त्यामुळे जाळीला त्या रेघेत पूर्ण घर बसवताच येत नाही आणि रेघ तुटक ठिपक्यांची उमटते. भिंग घेऊन पाहिले तर ती रेघ उरतच नाही, ठिपक्यांची विस्कळीत रांग दिसते. पहिल्या प्रतीत ती कशीबशी ओळखू येते, झेरॉक्समध्ये तिचे तुकडे पडतात आणि झेरॉक्सची पुन्हा झेरॉक्स काढली की ती गायब होते. म्हणून या प्रकरणात पहिला नियम ठरला तो असा की रेघ सौम्य हवी असेल तर तिचा रंग फिकट करायचा नाही, तिची जाडी कमी करायची. बारीक पण पूर्ण काळी रेघ तीन पिढ्यांच्या झेरॉक्सनंतरही सलग राहते.

आकड्यांच्या मागे छटा ठेवण्याचा प्रश्नही याच जाळीतून येतो. १५ टक्के छटेतील ठिपके मूळ प्रतीत अगदी लहान असतात, पण झेरॉक्स यंत्र त्यांतले काही गाळते आणि काही फुगवते. फ्लोराईडच्या रकान्यात १.२४ असा आकडा असतो आणि त्याचा सगळा अर्थ एका दशांश चिन्हावर अवलंबून असतो. फुगलेल्या ठिपक्यांच्या गर्दीत ते चिन्ह शोधावे लागते. मराठी मजकुराला तर हा त्रास दुप्पट आहे, कारण अनुस्वार हाही एक ठिपकाच आहे. ‘पंप’ या शब्दावरचा अनुस्वार छटेच्या ठिपक्यांत मिसळला की ‘पप’ उरते. आकडे आणि नावे यांच्या मागे कोणतीही छटा ठेवायची नाही, हा दुसरा नियम तिथून आला. तो मला या सगळ्यांत सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण सुशोभनासाठी पहिली गोष्ट हाताशी येते ती छटाच.

अर्थ छटेतून काढून आकड्याला चिकटवणे

छटा गेली तर तीन पातळ्या दाखवायच्या कशा? सर्वप्रथम जाड चौकटीचा विचार झाला. धोक्याच्या सेलभोवती जाड काळी चौकट उत्तम टिकते, पण एक्सेलच्या सशर्त मांडणीत जाड रेघ देताच येत नाही, तिथे फक्त बारीक रेघांचे प्रकार मिळतात. जाड चौकट हाताने द्यावी लागली असती आणि पुढच्या हंगामात नवे आकडे भरल्यावर जुन्याच सेलांभोवती ती राहून गेली असती. चुकीच्या आकड्याभोवती चौकट असणे हे चौकट नसण्यापेक्षा वाईट, म्हणून तो मार्ग सोडून दिला.

त्याऐवजी खूण आकड्याच्या स्वरूपातच घातली. एक्सेलमध्ये `Format Cells > Number > Custom` येथे आकडा कसा दिसावा हे अटींसह लिहिता येते. अनुज्ञेय मर्यादेपलीकडच्या आकड्यासमोर दोन भरीव त्रिकोण, दोन मर्यादांच्या मधल्या आकड्यासमोर एक आणि स्वीकार्य आकड्यासमोर काहीही नाही, असे ठरले. फ्लोराईडची स्वीकार्य मर्यादा १.० आणि अनुज्ञेय १.५ असल्याने त्या रकान्यासाठी असे लिहिले:

```
[>1.5]0.00" ▲▲";[>1]0.00" ▲"_▲;0.00" "_▲_▲
```

यातील `_▲` चा अर्थ ‘एका त्रिकोणाइतकी जागा कोरी सोड’ असा आहे. ती सोडली नाही तर त्रिकोण असलेले आकडे डावीकडे सरकतात आणि दशांश चिन्हे एका उभ्या ओळीत राहत नाहीत. कठीणपणासाठी मर्यादा २०० आणि ६०० आहेत, तर नायट्रेटला मधली पातळीच नाही, म्हणून तिथे एकच अट पुरते:

```
[>600]0" ▲▲";[>200]0" ▲"_▲;0" "_▲_▲
[>45]0" ▲▲";0" "_▲_▲
```

त्रिकोण निवडण्यामागे कारण होते. तारांकन झेरॉक्समध्ये डागासारखे दिसते आणि पोकळ वर्तुळ भरून जाते, तर भरीव त्रिकोणाचा आकार थोडा बिघडला तरी तो त्रिकोणच वाटतो. शिवाय एक आणि दोन हा फरक मोजून कळतो, त्यासाठी गडद-फिकट ठरवावे लागत नाही.

एक अडचण मध्येच लक्षात आली. सुरुवातीला फ्लोराईड एकाच दशांश स्थळापर्यंत दाखवले जात होते. प्रत्यक्ष किंमत १.०४ असेल तर सेलमध्ये ‘1.0 ▲’ असे दिसे, कारण अट खऱ्या किमतीवर तपासली जाते आणि गोलाई फक्त दिसण्यात होते. मर्यादा १.० आणि आकडाही १.०, मग खूण कशाची, असा प्रश्न वाचणाऱ्याला पडणारच. प्रयोगशाळेने जितकी दशांश स्थळे दिली तितकीच दाखवायची असे ठरवल्यावर तो प्रश्न मिटला.

नव्या मांडणीतल्या चार ओळी अशा दिसतात:

| जलस्रोत | नायट्रेट | फ्लोराईड | कठीणपणा | शेरा |
|---|---|---|---|---|
| वरच्या आळीची विहीर | 62 ▲▲ | 0.61 | 340 ▲ | पिण्यास वापरू नये |
| शाळेमागची कूपनलिका | 18 | 1.72 ▲▲ | 260 ▲ | पिण्यास वापरू नये |
| मंदिराजवळचा हातपंप | 41 | 1.24 ▲ | 410 ▲ | दुसरा स्रोत नसेल तरच |
| नदीकाठची विहीर | 31 | 0.48 | 180 | पिण्यास योग्य |

शेवटचा रकाना मूळ तक्त्यात नव्हता. त्रिकोणांचा अर्थ सूचीत पाहावा लागतो, आणि सूची पानाच्या तळाशी असते किंवा फलकावर दुसऱ्या कागदाखाली झाकली जाते. शेरा मात्र ज्या ओळीचा, त्याच ओळीत राहतो. तो शब्दांत असल्यामुळे सगळा कागद पिवळा पडला तरी वाचता येतो. इथले शेरे या रासायनिक घटकांपुरते आहेत, जंतूंच्या तपासणीचा रकाना वेगळा आहे.

रेघांची उतरंड आणि शिरोरेषा

मूळ तक्त्यात प्रत्येक सेलला चारही बाजूंनी सारखी रेघ होती. सगळ्या रेघा सारख्या असल्या की डोळ्याला ओळीवरून चालायचे की रकान्यावरून हे समजत नाही. हा तक्ता ओळीने वाचायचा आहे, कारण वाचणारा आधी आपल्या विहिरीचे नाव शोधतो आणि मग उजवीकडे जातो. म्हणून आडव्या रेघा ठेवल्या आणि उभ्या काढल्या. अपवाद फक्त पहिल्या रकान्यानंतरच्या रेघेचा, जी नाव आणि आकडे वेगळे करते. शीर्षक ओळीच्या खाली आणि तक्त्याच्या शेवटी मध्यम जाडीची काळी रेघ, एक वाडी संपून दुसरी सुरू होते तिथे मध्यम रेघ, आणि बाकी ओळींमध्ये बारीक काळी. एक्सेलमध्ये बारीकपेक्षाही बारीक अशी ठिपक्यांची रेघ मिळते, पण ती पडद्यापुरतीच ठेवावी, कारण झेरॉक्समध्ये तिचे पूर्वीच्या राखाडी रेघेसारखेच होते.

शीर्षक ओळ पूर्वी गडद निळ्यावर पांढऱ्या अक्षरांत होती. निळा राखाडीत गेला की तोही जाळीचाच होतो, आणि जाळीतून कोरलेल्या पांढऱ्या अक्षरांच्या कडा खरबरीत होतात. ‘क्ष’, ‘ष्ट्र’, ‘ट्रे’ यांसारख्या जोडाक्षरांच्या आतल्या फटी टोनरने भरून येतात. ‘नायट्रेट’ हा शब्दच त्यामुळे वाचता येईना. आता शीर्षक पांढऱ्या कागदावर ठळक काळ्या अक्षरांत आहे आणि खालची मध्यम रेघ ते वेगळे करते.

देवनागरीत आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते, जी इंग्रजी तक्त्यांसाठी लिहिलेल्या सूचनांत नसते. आपल्या अक्षरांवर शिरोरेषा असते आणि तिच्या वर मात्रा, वेलांटी, रफार व अनुस्वार येतात. ओळीची उंची कमी असेल तर तक्त्याची आडवी रेघ या चिन्हांना चिकटते. ती रेघ शिरोरेषेला समांतर असल्याने दोन्ही मिळून एकच जाड पट्टी वाटते आणि मधला अनुस्वार किंवा रफार तिच्यात बुडतो. ‘सार्वजनिक’ या शब्दाचा रफार मूळ प्रतीत असाच नाहीसा झाला होता. ११ पॉइंटच्या अक्षरांसाठी ओळीची उंची २२ पॉइंट ठेवली आणि मजकूर उभ्या दिशेने मध्यभागी घेतला, तेव्हा वर आणि खाली पुरेशी मोकळी जागा मिळाली. यामुळे तक्ता एका पानाऐवजी दोन पानांचा झाला. दुसऱ्या पानावर शीर्षक पुन्हा यावे म्हणून `Rows to repeat at top` मध्ये शीर्षक ओळ नेमून दिली.

एक ओळ पांढरी, एक राखाडी अशी पट्टेदार मांडणी सुचवली गेली होती, कारण लांब ओळीत डोळा घसरतो. ती नाकारली. तिच्यामुळे निम्मे आकडे पुन्हा जाळीवर आले असते, आणि जुन्या प्रती पाहिलेल्या वाचकाला राखाडी ओळ म्हणजे काही इशारा असावा असे वाटले असते. डोळा घसरू नये यासाठी बारीक काळ्या रेघा पुरतात.

एकच फाईल, दोन रूपे

रंग पूर्णपणे काढून टाकण्याची गरज पडली नाही. मोबाईलवर तक्ता पाहणाऱ्यांना लाल-हिरवे उपयोगी पडतातच, म्हणून सशर्त रंग फाईलमध्ये तसेच ठेवले आणि `Black and white` ही खूण आता मुद्दाम लावली. छापताना सगळ्या पार्श्वभूमी आपोआप गळतात आणि अक्षरे पूर्ण काळी होतात. त्रिकोण व शेरे आकड्यांचा आणि मजकुराचा भाग असल्यामुळे जागेवर राहतात. पूर्वी ज्या पर्यायाने तक्त्याचा अर्थ पुसला होता त्याच पर्यायाने आता जाळीचा त्रास संपला. सूचीतले शब्दही बदलले: ‘लाल’ऐवजी ‘▲▲ अनुज्ञेय मर्यादेपेक्षा जास्त’.

खात्री करण्यासाठी पडद्यावरचे छपाईपूर्व दृश्य पुरेसे नाही, कारण ते जाळी दाखवत नाही. प्रत छापून तिची झेरॉक्स आणि त्या झेरॉक्सची पुन्हा झेरॉक्स काढली, ती भिंतीवर लावली आणि तक्ता आधी न पाहिलेल्या माणसाला विचारले की बाळाच्या दुधासाठी कोणत्या विहिरीचे पाणी घेऊ नये. त्याचे बोट सूचीकडे न जाता थेट ओळीवर गेले तर मांडणी साधली असे मानायचे. टोनर संपत आलेला असताना आणि प्रिंटर बचतीच्या पद्धतीवर असतानाही हीच चाचणी घ्यावी लागते, कारण खेड्यातल्या कार्यालयात प्रिंटर बहुतेक वेळा त्याच अवस्थेत असतो.

दोन रकाने या पद्धतीत सरळ बसले नाहीत. सामू ६.५ ते ८.५ च्या मध्ये हवा, म्हणजे कमी असला तरी वाईट आणि जास्त असला तरी वाईट. एक्सेलच्या या स्वरूपात दोनच अटी लिहिता येतात, आणि सामूच्या मर्यादेत सूट नसल्याने त्या दोन्ही दोन टोकांना वापरून काम भागले. जंतूंच्या तपासणीचा निकाल मात्र आकडा नसून शब्द असतो. तिथे ‘आढळले’ आणि ‘आढळले नाही’ असे लिहिले जात होते, आणि फिकट प्रतीत शेवटचा ‘नाही’ सुटला तर अर्थ उलटा होत असे. त्या रकान्यात आता ‘दूषित ▲▲’ किंवा ‘निरंक’ हे दोनच पर्याय यादीतून निवडायचे असतात, आणि नमुना तपासलाच नसेल तर सेल रिकामा न सोडता ‘तपासले नाही’ असे पूर्ण लिहायचे असते. जुन्या फाईलमध्ये रिकामा सेल शून्य समजला जाऊन हिरवा होत असे, आणि कागदावर तर रिकाम्या सेलवरून कोणीही पाणी ठीक आहे असेच समजेल.